नळ आणि शॉवरवर साचणारे क्षार: खान्देशातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वाचकांकडून या विषयावर सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा सविस्तर खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नळाच्या तोंडाशी पांढरा, कडक थर जमतो तो नेमका कशाचा असतो?

तो प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा थर असतो. पावसाचे पाणी माती आणि खडकांतून झिरपताना जमिनीतील कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात सामावून घेते. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतला कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरते. खान्देशात बहुतेक भागात काळा बेसाल्ट खडक आहे आणि तापीच्या काठाने गाळाचे जाड थर आहेत. या दोन्हींतून पाणी दीर्घकाळ मुरत खोल बोअरपर्यंत पोहोचते, तेव्हा त्यात हे क्षार भरपूर असतात.

असे पाणी नळातून बाहेर पडून हवेच्या संपर्कात आले, की त्यातला वायू निघून जातो आणि ज्याच्या आधाराने क्षार विरघळलेले होते तो आधारच सुटतो. मागे राहिलेला थेंब वाळला, तर त्यातील सगळे क्षार त्याच जागी बसतात. म्हणून थर नळाच्या मधल्या भागावर कमी दिसतो आणि जिथे थेंब लोंबकळतो त्या तोंडाशी, जाळीवर आणि जोडांच्या खाचांत जास्त दिसतो.

२. एकाच गावात माझ्या भावाच्या घरचे नळ चकाकतात आणि आमचे पांढरे पडतात, असे का?

बहुधा दोन्ही घरांत पाण्याचा स्रोत वेगळा आहे. जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, तर नंदुरबारला विरचक धरणाचे. धरणात साठलेले हे पाणी मुख्यतः पावसाचे असल्यामुळे बोअरच्या पाण्याच्या तुलनेत सहसा बरेच मृदू असते. नगरपालिकेचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने अनेक घरांत पिण्यासाठी ते आणि वापरासाठी बोअरचे पाणी अशी विभागणी झालेली असते, आणि न्हाणीघराचे नळ नेमके बोअरच्या टाकीला जोडलेले असतात.

दोन शेजाऱ्यांच्या बोअरमध्येही फरक पडतो. खोली वेगळी असेल, तर पाणी वेगवेगळ्या थरांतून येते. एकाच बोअरचे पाणी पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात सारखे नसते, त्यामुळे उन्हाळ्यात थर लवकर जमतो हा अनुभव खराच आहे. त्याला दुसरे कारण हवेचे आहे. पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा नळावरचा थेंब खाली पडण्याआधीच वाळतो.

३. हा डाग क्षारांचाच आहे की नळाची पॉलिश गेली आहे, हे कसे ओळखावे?

लिंबाच्या रसाचा किंवा पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब डागावर टाकून अर्धा मिनिट जवळून पाहावे. बारीक बुडबुडे उठले, तर तो कार्बोनेटचा थर आहे आणि पुढे सांगितलेले उपाय लागू पडतील. बुडबुडे उठले नाहीत, तर पुढील शक्यता पडताळाव्यात.

नखाने खरवडल्यावर मेणचट, राखाडी पापुद्रा सुटत असेल, तर तो साबण आणि कॅल्शियम यांच्या संयोगाने झालेला साका आहे. तो आधी भांडी घासण्याच्या द्रवाने आणि गरम पाण्याने काढावा, कारण त्याखाली दडलेल्या क्षारांपर्यंत आम्ल नीट पोहोचत नाही. तांबूस-तपकिरी डाग लोहाचे असतात. हिरवट कडा दिसत असेल, तर क्रोमचा मुलामा फाटून आतले पितळ उघडे पडले आहे. पृष्ठभाग बोटाला खडबडीत लागत नाही, पण बारीक टोचे पडल्यासारखा निस्तेज दिसतो, तेव्हा मुलाम्यालाच इजा झालेली असते. ती कोणत्याही घासण्याने भरून येत नाही, उलट वाढते.

४. पाणी किती जड आहे हे घरी मोजता येते का? टीडीएस मीटर चालेल का?

टीडीएस मीटर येथे पुरेसे नाही. ते पाण्यातील सर्व विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देते, त्यात साध्या मिठाचा सोडियमही येतो आणि सोडियममुळे नळावर असा चिकट, कडक थर बसत नाही. आपल्याला मोजायचा आहे तो कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती आहे तो.

घरच्या घरी अंदाज घेण्यासाठी झाकणाच्या पारदर्शक बाटलीत निम्मे पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा कीस चिमूटभर टाकावा आणि जोरात हलवावे. भरपूर फेस येऊन टिकला, तर पाणी मृदू आहे. फेस जेमतेम येऊन पाणी दुधट झाले आणि वर साका तरंगला, तर ते जड आहे. कपड्यांच्या पावडरीने ही चाचणी करू नये, कारण ती जड पाण्यातही फेसाळते.

आकडा हवा असल्यास कठीणपणा मोजण्याचे थेंबांचे किट वापरावे. त्यात नमुन्याचा रंग लालसर असतो आणि तो निळा होईपर्यंत लागलेले थेंब मोजून किटवरच्या कोष्टकाने गुणायचे असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही पाण्याचा नमुना तपासून मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी २०१२ च्या भारतीय मानक क्रमांक १०५०० मध्ये एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. नळांच्या दृष्टीने २०० च्या पुढे थर ठळकपणे दिसू लागतो, असे समजून चालावे.

५. गरम पाण्याचा नळ आणि शॉवर इतरांपेक्षा लवकर का भरतात?

पाणी तापवले की त्यातील बायकार्बोनेट मोडते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. बहुतेक क्षार मिठासारखे गरम पाण्यात अधिक विरघळतात, पण याचे उलट आहे. त्यामुळे गिझरमध्येच बारीक कण आणि पापुद्रे तयार होतात व पाण्याबरोबर वाहत जाऊन शॉवरच्या छिद्रांत अडकतात.

शॉवरची अडचण दुहेरी आहे. नळ बंद केल्यावरही त्याच्या पोकळीत पेलाभर पाणी राहते आणि प्रत्येक छिद्राशी एक थेंब थांबतो. तो वाळतो, दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थेंब वाळतो, आणि छिद्राची कड आतल्या बाजूने हळूहळू बुजत जाते. धार वाकडी उडू लागणे हे त्याचे पहिले लक्षण आहे. पाण्याचा जोर कमी झाल्याचे त्यानंतर बऱ्याच दिवसांनी जाणवते, म्हणून तोपर्यंत थांबू नये.

६. व्हिनेगर, लिंबूसत्त्व, लिंबू की चिंच? नेमके काय वापरावे?

पातळ थरासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात सुटे मिळणारे सायट्रिक ॲसिड, आणि जाड थरासाठी पांढरे व्हिनेगर वापरावे. कारण असे की व्हिनेगरमधले आम्ल चुनखडीशी मिळून जो क्षार तयार करते तो पाण्यात सहज विरघळतो आणि धुऊन जातो. लिंबूसत्त्वापासून होणारा कॅल्शियम सायट्रेट मात्र कमी विरघळतो, आणि तापवल्यावर आणखी कमी. म्हणून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात शॉवर रात्रभर बुडवून ठेवला किंवा उकळते पाणी वापरले, तर जुना थर जाऊन त्याच्या जागी नवी पांढरी भुकटी बसलेली आढळते. अनेकांना वाटते की क्षार गेलेच नाहीत. प्रत्यक्षात तो दुसराच पदार्थ असतो.

प्रमाण असे ठेवावे: कोमट पाणी १ लिटर आणि लिंबूसत्त्व ३० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. पाणी हाताला सहज सोसवेल इतकेच गरम असावे. व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते. ते जाड थरासाठी तसेच घ्यावे आणि हलक्या थरासाठी तेवढेच पाणी मिसळून घ्यावे.

लिंबाची फोड नळाच्या कडेवर चोळून दहा मिनिटांनी धुणे हा ताज्या डागांवर चांगला उपाय आहे. चिंच मात्र येथे कामाची नाही. पितळेची भांडी ती उजळवते, पण चिंचेतील टार्टारिक आम्ल कॅल्शियमशी मिळून जो पदार्थ होतो तो पाण्यात फारच थोडा विरघळतो, शिवाय तिचा गर जाळीत अडकतो.

७. शॉवर काढून स्वच्छ करण्याची पूर्ण पद्धत काय आहे? किती लिंबूसत्त्व पुरते?

प्रथम शॉवरचा नळ घट्ट बंद करावा. शॉवरच्या मानेवरील नटाला जाड फडके गुंडाळून हाताने उलट्या दिशेने फिरवून पाहावे. हाताने न सुटल्यास फडक्यावरूनच पाना लावावा आणि दुसऱ्या हाताने भिंतीतून आलेला दांडा धरून ठेवावा, नाहीतर भिंतीतला जोडच फिरतो आणि गळती सुरू होते. जोडावर क्षार घट्ट बसले असतील, तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके वीस मिनिटे गुंडाळून ठेवावे आणि मग प्रयत्न करावा.

शॉवर निघाल्यावर तो उलटा करून झटकावा, म्हणजे गिझरमधून आलेले सुटे पापुद्रे पडतील. मग तो नीट वाळवून स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून ठेवावे. हे ऐच्छिक आहे, पण त्यामुळे किती क्षार निघाले ते कळते आणि द्रावण पुरले की नाही याचा अंदाज येतो.

आता हिशोब पाहू. समजा अमळनेरमधील एका घरात बोअरचे पाणी लिटरला ५०० मिलिग्रॅम कठीणपणाचे आहे आणि वर्षभर न उघडलेला शॉवर साफ करायचा आहे. साफ करण्याआधी त्याचे वजन ३४२ ग्रॅम भरले आणि साफ करून वाळवल्यावर ३३० ग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम क्षार निघाले. १ ग्रॅम लिंबूसत्त्व फार तर ०.७ ग्रॅम चुनखडी विरघळवू शकते. तेव्हा १२ ग्रॅमसाठी किमान १७ ग्रॅम लागतात, आणि शेवटी शेवटी द्रावण मंदावत असल्यामुळे ३० ग्रॅम घेणे योग्य ठरते. याच शॉवरला १ लहान चमचा लिंबूसत्त्व टाकून दिवसभर बुडवले असते, तर निम्म्याहून अधिक थर तसाच राहिला असता, कारण आम्लच संपले असते. वेळ वाढवून कमी आम्लाची भरपाई होत नाही.

प्लॅस्टिकच्या तसराळ्यात द्रावण करून शॉवर छिद्रांची बाजू खाली ठेवून पूर्ण बुडवावा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण आम्ल त्याला खाते. सुरुवातीला बुडबुडे जोरात येतात. दर दहा मिनिटांनी शॉवर हलवावा, म्हणजे छिद्रांत अडकलेला वायू सुटून आम्ल आत शिरते. अर्ध्या ते पाऊण तासात बुडबुडे थांबतात. ते दोन कारणांनी थांबतात, एक तर थर संपला किंवा आम्ल संपले. ओळखण्यासाठी तसराळ्यात पडलेला क्षाराचा एक तुकडा थोड्या ताज्या व्हिनेगरमध्ये टाकावा. तो तिथे फसफसला आणि जुन्या द्रावणात निपचित असला, तर द्रावण बदलून आणखी अर्धा तास द्यावा.

त्यानंतर जुन्या टूथब्रशने छिद्रे घासावीत. रबरी टोके असतील तर अंगठ्याने दाबून चोळावीत, आत राहिलेले कण सुटून बाहेर येतात. टाचणी किंवा सुई घालू नये. तिच्यामुळे छिद्र मोठे आणि वेडेवाकडे होते, आणि धार पुन्हा कधीच सरळ येत नाही. शेवटी वाहत्या पाण्याखाली उलट बाजूने धुवावे, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे आट्यांच्या फिरण्याच्या दिशेने द्यावेत आणि शॉवर हाताने घट्ट बसवावा. बसवण्यापूर्वी नळ क्षणभर सोडून दांड्यातला कचरा वाहून जाऊ द्यावा, तो राहिला तर ताज्या शॉवरमध्ये जाऊन बसतो.

८. शॉवर निघतच नाही. जागेवरच साफ करता येईल का?

होय. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर किंवा प्रश्न ६ मधील द्रावण घेऊन ती खालून चढवावी, म्हणजे शॉवरची छिद्रे द्रावणात बुडतील, आणि मानेला रबर बँड किंवा सुतळीने बांधावी. पिशवीचे तोंड पूर्ण आवळू नये. आत तयार होणाऱ्या वायूला वाट हवी, नाहीतर पिशवी फुगून निसटते. अर्ध्या तासाने पिशवी काढून शॉवर दोन मिनिटे जोरात सोडावा. छताला लावलेल्या मोठ्या, चपट्या शॉवरसाठी पिशवी वजनाने घसरते, तेव्हा उथळ तसराळे खाली धरून ठेवता येईल असा स्टुलाचा आधार करावा. खाली कोणते दगड आहेत हे आधी पाहावे, त्याविषयी प्रश्न १० मध्ये सांगितले आहे.

९. नळाच्या तोंडाची जाळी कशी काढावी? ती पुन्हा बसवताना नेहमी गळते.

बेसिनच्या नळाच्या टोकाला असलेली ही जाळी पाण्यात हवा मिसळून धार मऊ करते, आणि हवा मिसळते तिथेच कार्बन डायऑक्साइड सर्वांत लवकर सुटतो. म्हणून ती सर्वांत आधी भरते. बेसिनखालचा कॉक बंद करावा, बेसिनच्या तोंडावर फडके ठेवावे म्हणजे भाग निचऱ्यात पडणार नाहीत, आणि रबरी हातमोजा घालून जाळी फिरवावी. काही नळांत जाळी आत बसवलेली असते आणि ती सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या चावीने काढायची असते. तिला पक्कड लावू नये.

आतले भाग निघतील त्या क्रमाने फडक्यावर ओळीने मांडावेत किंवा फोनवर त्यांचा फोटो काढावा. गळती जवळजवळ नेहमी रबरी वॉशर उलटा बसल्यामुळे किंवा त्याच्या खोबणीत क्षाराचा कण राहिल्यामुळे होते. भाग वीस ते तीस मिनिटे भिजवावेत, वॉशर मात्र भिजवू नये, तो नुसता धुवावा. वॉशर कडक झाला असेल तर तो बदलावा. जाळी हाताने जेवढी घट्ट होते तेवढी पुरे.

१०. प्लंबर संडास साफ करण्याचे ॲसिड नळावर लावतो आणि दोन मिनिटांत नळ चकाकतो. त्यात चूक काय?

ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते क्षार झपाट्याने काढते हे खरे आहे, पण क्रोमच्या अत्यंत पातळ मुलाम्यातील सूक्ष्म भेगांतून आत शिरून खालच्या धातूलाही लागते. त्या दिवशी नळ चकाकतो आणि नंतर त्यावर काळपट टोचे, फोड आणि हिरवट कडा दिसू लागतात. कमी किमतीचे अनेक नळ जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यांची हानी पितळेपेक्षा लवकर होते. आमच्याकडे आलेल्या तक्रारींतील बऱ्याच नळांचा मुलामा पाण्याने नव्हे, तर अशा साफसफाईने गेलेला होता, म्हणून याबाबत आम्ही आग्रही आहोत.

हे ॲसिड ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम जंतुनाशकाच्या संपर्कात आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. हीच खबरदारी व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वालाही लागू आहे. कोणतेही आम्ल आणि जंतुनाशक एकाच दिवशी वापरू नयेत.

दुसरी गोष्ट फरशीची. आपल्याकडे न्हाणीघरात आणि मोरीत शहाबादी किंवा कोटा फरशी असते, आणि संगमरवराप्रमाणे हे दोन्ही दगडही मुळात चुनखडीचेच आहेत. ज्या आम्लाने नळावरचा थर जातो त्यानेच फरशीची चकाकी जाते. लिंबाच्या रसानेही त्यांवर पांढुरका डाग उमटतो. म्हणून काम सुरू करण्याआधी फरशी पाण्याने ओली करून ठेवावी, थेंब सांडल्यास लगेच भरपूर पाणी ओतावे.

११. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घातला तर फेस येऊन लवकर साफ होते, असे सांगतात. खरे का?

नाही. सोडा आम्लाला मारतो, आणि जो फेस दिसतो तो आम्ल सोड्यावर खर्च होत असल्याचा. चुनखडी विरघळवायला जे आम्ल हवे, तेच उडून जाते. सोडा ओल्या फडक्यावर घेऊन साबणाचा साका पुसायला वेगळा वापरावा, आम्लात मिसळू नये.

१२. थर जमूच नये म्हणून रोज काय करावे?

थेंब वाळू देऊ नये, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. न्हाणीघरात खुंटीला एक सुती किंवा मायक्रोफायबरचा रुमाल टांगून ठेवावा आणि शेवटच्या माणसाने अंघोळ झाल्यावर नळाची तोंडे, मुठी आणि शॉवरचा चेहरा पुसावा. हातशॉवर असेल तर तो खाली धरून झटकावा आणि आतले पाणी काढून टाकावे.

गळका नळ मात्र रुमालाने आटोक्यात येत नाही. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला साधारण चार लिटर पाणी वाया घालवतो, आणि त्याचे तोंड दिवसरात्र ओले-सुके होत राहते. असा नळ दिसताच वॉशर बदलणे हीच क्षारांवरची पहिली उपाययोजना आहे.

गिझरचा थर्मोस्टॅट ६५-७० अंशांवर असेल, तर तो ५५ च्या आसपास आणावा. त्याने प्रश्न ५ मध्ये सांगितलेले कण कमी होतात. जाळी आणि शॉवर दर दीड-दोन महिन्यांनी, बोअरचे पाणी फारच जड असल्यास महिन्याने, पातळ द्रावणात पंधरा मिनिटे बुडवावेत. पातळ थर पंधरा मिनिटांत जातो, वर्षभराचा थर काढायला अर्धा दिवस जातो.

१३. टाकीत तुरटी फिरवली तर क्षार कमी होतील का? आणि लोहचुंबकाचे यंत्र, आरओ, सॉफ्टनर यांचे काय?

तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेले कॅल्शियम काढत नाही. त्यामुळे या कामासाठी तिचा उपयोग नाही.

पाइपवर बसवायच्या चुंबकीय आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांबाबत प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. ती बसवल्यावरही पाण्याचा कठीणपणा तेवढाच राहतो, म्हणून थेंब वाळल्यावर डाग पडतोच. केवळ विक्रेत्याच्या शब्दावर मोठी रक्कम त्यात घालू नये.

आरओ पिण्याच्या पाण्यापुरता ठीक आहे, शॉवरला पुरेल इतके पाणी तो देऊ शकत नाही. त्याचे फेकलेले पाणी नळ-फरशी धुवायला वापरत असाल तर थांबवावे, कारण त्यात क्षार अधिक दाट असतात.

खरोखर परिणामकारक आहे तो रेझिनचा सॉफ्टनर. त्यातील बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन त्यांना पुन्हा तयार करावे लागते. मीठ टाकायचे राहिले तर यंत्र असूनही जड पाणीच येते, आणि हीच तक्रार सर्वाधिक ऐकू येते. पाण्यात सोडियम वाढत असल्याने स्वयंपाकघराचा पिण्याचा नळ या यंत्राच्या आधी काढावा. पाण्यात लोह असेल तर मणी खराब होतात, त्यासाठी आधी लोह काढणारा फिल्टर लागतो. दोन-तीन माणसांच्या घरात कठीणपणा ३०० च्या आत असेल, तर आमच्या मते हा खर्च टाळून प्रश्न १२ मधील सवयी पुरेशा आहेत.

१४. आमच्याकडे पालिकेचे आणि बोअरचे दोन्ही पाणी आहे. ते मिसळले तर चालेल का?

चालेल, आणि पुष्कळदा यंत्रापेक्षा हाच मार्ग सोयीचा ठरतो. हिशोब सरासरीचा आहे. बोअरचा कठीणपणा ६०० आणि पालिकेच्या पाण्याचा १५० असेल, तर निम्मे-निम्मे मिसळल्यावर तो ३७५ होतो. तो अजूनही जडच आहे, पण थर जमण्याचा वेग कमी झालेला दिसतो. पालिकेचे पाणी थोडेच मिळत असेल, तर ते सगळीकडे मिसळण्याऐवजी फक्त गिझर आणि शॉवरच्या ओळीला द्यावे, संडास आणि अंगणाला बोअरचे ठेवावे. त्यासाठी छतावर वेगळी लहान टाकी आणि वेगळी पाइपलाइन लागते, म्हणून घर बांधताना किंवा न्हाणीघर नव्याने करताना हे ठरवून घेणे शहाणपणाचे आहे.

एक काटेकोर सूचना आहे. दोन्ही स्रोत एकाच पाइपने थेट जोडू नयेत, कारण पालिकेचा दाब नसताना बोअरचे पाणी त्यांच्या वाहिनीत शिरू शकते. दोन्ही पाणी टाकीत वरून, हवेतून पडेल असेच सोडावे.

१५. नळ काळ्या मॅट किंवा सोनेरी रंगाचा आहे. वरच्या पद्धती वापराव्यात का?

शक्यतो आम्ल लावू नये. मॅट काळा रंग बहुधा लेपाचा असतो आणि आम्लाने त्यावर फिकट चट्टे पडतात. सोनेरी मुलामा क्रोमपेक्षा नाजूक असू शकतो. कोमट पाणी, भांड्यांचा साधा द्रव आणि मऊ फडके यांवरच भागवावे, आणि थर चिकटलाच असेल तर निम्मे पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचे फडके आधी मागच्या, न दिसणाऱ्या भागावर दोन मिनिटे लावून पाहावे. अशा नळांना रोज पुसणे हाच खरा उपाय आहे. बोअरचे जड पाणी असलेल्या घरात मॅट काळे नळ घेण्याआधी याचा विचार करावा, त्यांवर पांढरा डाग सर्वांत उठून दिसतो.

१६. शॉवर आणि जाळी साफ करूनही धार बारीकच आहे. आता काय तपासावे?

शॉवर काढून ठेवून नुसत्या दांड्यातून पाणी सोडून पाहावे. तिथेही धार बारीक असेल, तर दोष शॉवरचा नाही. मग फक्त थंड आणि फक्त गरम असे वेगवेगळे सोडावे. गरमच कमी येत असेल, तर गिझरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी किंवा त्याच्या जोडनळीत क्षार दाटले आहेत. गिझर उघडून आतला थर काढण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण त्यात वीज आणि दाब दोन्ही असतात.

दोन्ही बाजू सारख्याच कमी असतील, तर मिक्सरच्या आतील सिरॅमिक कार्ट्रिज पाहावे. मूठ कडक फिरणे, फिरवताना करकर होणे आणि बंद केल्यावरही बारीक धार चालू राहणे ही त्याची खूण आहे. कार्ट्रिज काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवल्यास क्षार जातात. पण त्याच्या चकतीवर ओरखडा पडला असेल तर गळती थांबत नाही, तेव्हा जुने कार्ट्रिज सोबत नेऊन त्याच मापाचे नवे आणावे. बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम भागते, संपूर्ण नळ बदलावा लागत नाही.